न्हाणीघराचा नकाशा चेंबरपासून सुरू होतो

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर बहुधा संगीत, साहित्य, फार तर आरोग्य असे विषय होतात. संडास-बाथरूमवर बोलायला उभा राहणारा मी बहुतेक पहिलाच. अध्यक्षांनी विषय विचारला तेव्हा मलाही जरा संकोच वाटला. पण गेल्या दोन वर्षांत आपल्याच मंडळातल्या पाच-सहा कुटुंबांनी मला घरी बोलावून एकच प्रश्न विचारला, "आई-बाबांसाठी खाली एक बाथरूम काढायचंय, कुठे काढू?" तेव्हा वाटलं की हे एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकावं.

मी राज्य शासनात उपयंत्री आहे, सिव्हिलचा डिप्लोमा आहे. नोकरीत रस्ते, नाल्या आणि मोऱ्याच जास्त केल्या. आपल्या बोलण्यात पुलाखालच्या मोरीलाही मोरी म्हणतात आणि घरातल्या धुण्या-भांड्याच्या जागेलाही मोरी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर दोन्हींचं शास्त्र एकच आहे. पाणी खालीच जातं, आणि त्याला खाली जायला जागा ठेवावी लागते. एवढं साधं तत्त्व मी स्वतःच्या घरी मात्र विसरलो होतो. आठ वर्षांपूर्वी बाबांसाठी खाली बाथरूम काढताना कमोड कुठे बसवायचा हे मी फरशीच्या नक्षीवरून ठरवलं. पाइपला ढाळ मिळेना, म्हणून मिस्त्रीने बाथरूमची जमीन पाच इंच उचलली. दारात पायरी आली. दुसऱ्याच पावसाळ्यात बाबा रात्री त्या पायरीवरून पडले आणि मनगट मोडलं. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेलो की आधी खोली बघत नाही. मागच्या अंगणात जाऊन चेंबरचं झाकण उघडायला सांगतो.

आता एक उदाहरण घेऊ. कुटुंब आपल्या ओळखीचं आहे, नाव सांगत नाही. आपल्यापैकी अनेकांचे वडील किंवा आजोबा ज्या काळात नागपूर, अमरावती, जळगावकडून 'हेवी इलेक्ट्रिकल्स'च्या नोकरीसाठी इथे आले, त्याच काळात या काकांचे वडील आले. १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं, त्याच्या आठवणी त्या घरात अजून सांगतात. पुढे काकाही भेलमध्येच लागले, निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि गोविंदपुऱ्यातच एक जुनं बैठं घर घेतलं. घरात काका-काकू आणि काकांच्या आई, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी. संडास आणि न्हाणीघर मागच्या अंगणात, जुन्या पद्धतीने वेगवेगळं. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रात्री तीन-तीनदा अंगण ओलांडणं अशक्य झालं. त्यांच्या खोलीतच बाथरूम काढायचं ठरलं.

घराची मांडणी अशी आहे. मागच्या बाजूला डावीकडे स्वयंपाकघर आणि उजवीकडे आजींची खोली, दोन्ही मागच्या भिंतीला लागून. मधे साडेचार इंची भिंत, आणि त्या भिंतीला स्वयंपाकघराच्या बाजूने देवघर. मागच्या भिंतीबाहेर अंगण, आणि भिंतीपासून पाच फुटांवर मैलापाण्याचं चेंबर.

ठेकेदाराने नकाशा आणला होता. दिसायला छान होता. बाथरूम खोलीच्या पुढच्या कोपऱ्यात, दिवाणखान्याकडे, म्हणजे मागची खिडकी मोकळी राहील. आत एका भिंतीला कमोड, समोरच्या भिंतीला बेसिन, तिसऱ्या भिंतीला शॉवर. काकांनी विचारलं, "कसा वाटतो?" मी म्हटलं, "काका, आधी झाकण उघडू."

चेंबर उघडलं. मिस्त्रीची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली. तिची एक बाजू खोलीच्या फरशीशी धरली आणि दुसरी चेंबरवर. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला असतं, त्यावरून मोजलं. चेंबरमधल्या पाइपचा तळ खोलीच्या फरशीपासून पंधरा इंच खाली निघाला. मंडळी, या घरात आपल्याकडे एकूण भांडवल म्हणजे हे पंधरा इंच. पुढचा सगळा हिशेब यातूनच खर्च होणार.

कमोडचा पाइप चार इंची असतो, दुकानात त्याला एकशेदहा एम.एम. म्हणतात. त्याला साधारण चाळीस फुटांना एक फूट ढाळ द्यावा लागतो. काही मिस्त्री साठास एक देतात आणि नीट टाकला तर तोही चालतो. पण हल्लीचे फ्लश पूर्वीसारखे दहा-बारा लिटर सोडत नाहीत, तीन आणि सहा लिटरचे असतात. कमी पाण्याला कमी ढाळ दिला की मैला वाटेत बसतो. म्हणून मी चाळीसास एक धरतो. ठेकेदाराच्या नकाशात कमोडपासून चेंबरपर्यंत पाइप बावीस फूट होत होता. बावीस फूट म्हणजे दोनशे चौसष्ट इंच, भागिले चाळीस, म्हणजे साडेसहा इंच. पंधरातून साडेसहा गेले, कमोडखाली उरले साडेआठ. आणि ज्या कमोडचं तोंड खाली जमिनीत जातं, म्हणजे एस ट्रॅपचा, त्याला फरशीखाली वळण घ्यायला अकरा-बारा इंच तरी लागतात. साडेतीन इंच कमी पडले. ठेकेदाराकडे उत्तर तयार होतं, "फरशी चार इंच वर घेऊ, सगळे तसंच करतात."

खरंच, सगळे तसंच करतात. म्हणूनच आपल्या घरांत बाथरूमच्या दारात पायरी असते. ती पायरी कुणी मुद्दाम काढलेली नसते. कमोड चेंबरपासून लांब ठेवला, त्याची ती किंमत असते, आणि ती आजींनी रोज रात्री भरायची.

आता कमोड मागच्या भिंतीला लावला तर काय होतं पाहा. चेंबर तिथून पाच फूट. साठ इंच भागिले चाळीस, म्हणजे ढाळात गेले फक्त दीड इंच. शिवाय बाहेरची भिंत मिळाली म्हणून दुसऱ्या प्रकारचा कमोड घेता येतो, पी ट्रॅपचा. त्याचं तोंड मागे निघतं, फरशीपासून सात-एक इंच वर. पाइप सरळ भिंतीतून बाहेर, बाहेर वळण घेऊन जमिनीत, आणि चेंबरमध्ये. म्हणजे कमोडसाठी खोलीची फरशी फोडायचीच नाही. उद्या काही तुंबलं तर तेही अंगणात उघडून पाहता येतं. दुकानात एवढंच लक्षात ठेवा की पी आणि एस हे ट्रॅप वेगळे आहेत आणि पाइप टाकून झाल्यावर अदलाबदल होत नाही. म्हणून आधी कमोड घरात आणायचा, त्याच्या तोंडाची उंची प्रत्यक्ष मोजायची, मग भिंतीला भोक पाडायचं.

एकदा कमोडची जागा ठरली की बाकीची दोन आपोआप त्याच्या दोन बाजूंना बसतात. कारण बेसिनचा पाइप सव्वा-दीड इंची, शॉवरच्या पाण्याचा तीन इंची. हे बारीक पाइप वळवता येतात, कमोडचा वळवला की अडचण सुरू होते. म्हणून क्रम असा, आधी मोठा पाइप, मग लहान.

आम्ही मागच्या भिंतीला लागून साडेसात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद जागा घेतली. राष्ट्रीय इमारत संहितेत एकत्र संडास-बाथरूमसाठी किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीस चौरस फूट, आणि रुंदी किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट सांगितली आहे. आपले पावणेचौतीस चौरस फूट झाले, थोडे जास्तच. या साडेसात फुटांच्या, म्हणजे नव्वद इंचांच्या एकाच भिंतीवर तिन्ही वस्तू मांडल्या. दाराजवळ बेसिनला अठरा इंच. मग कमोडला तीस इंच, मध्यापासून दोन्हीकडे पंधरा-पंधरा, याहून कमी केलं तर कोपर आपटतं. शेवटी शॉवरला बेचाळीस इंच. अठरा, तीस आणि बेचाळीस, बेरीज बरोबर नव्वद. कमोड भिंतीपासून अठ्ठावीस इंच पुढे येतो, त्यापुढे पाय ठेवायला सव्वीस इंच मोकळे राहिले. ही सगळी मापं प्लास्टर आणि टाइल झाल्यानंतरची आहेत बरं का. विटांच्या मापात नव्वद धराल तर दोन्ही बाजूंचे मिळून दोन-अडीच इंच टाइल खाऊन टाकेल आणि मग प्लंबर कमोड बेसिनकडे सरकवेल.

बेसिन, कमोड, शॉवर हाच क्रम का? कारण ओलं सगळं शेवटी गेलं. रात्री आजी उठल्या की दारातून दोन पावलांवर कमोड, तोही कोरड्या फरशीवरून. ठेकेदाराच्या नकाशात शॉवरचं पाणी दारासमोरून वाहत कमोडपर्यंत जात होतं. दार तीस इंचांचं, बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडत नाही, हे ज्याने अनुभवलंय तो विसरत नाही. दारात फक्त अर्ध्या इंचाचा उतार, पायरी नाही, आणि तिथून शॉवरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत फरशीला आणखी एक इंच ढाळ. त्या कोपऱ्यात पाणी जाण्याची जाळी. तिच्याखाली जो ट्रॅप बसतो त्याला देशभर, अगदी इंग्रजी कोटेशनमध्येही, 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचाच हा शब्द. कानपूरचा प्लंबरही तो बिनदिक्कत वापरतो.

आता सगळ्यात अवघड प्रश्न आला, आणि तो पाइपचा नव्हता. नकाशा ऐकून झाल्यावर आजी शांतपणे म्हणाल्या, "अरे, पण त्या भिंतीला माझे देव आहेत. देवाच्या पाठीशी संडास नको." काका म्हणाले, "आई, आता तुझ्या सोयीसाठी…" मी म्हटलं, थांबा. आजींचं म्हणणं बाजूला सारायची गरज नाही. कागद फिरवून दाखवला. देवघराच्या भिंतीला लागतो तो शॉवरचा भाग. कमोड तिथून साडेतीन फुटांपलीकडे. आजींनी विचारलं, "म्हणजे देवामागे आंघोळ?" म्हटलं, "हो, फक्त आंघोळ." त्या हसून म्हणाल्या, "मग चालेल. स्नान तर तेही करतात."

क्रम उलटा केला असता, दार त्या बाजूला आणि कमोड इकडे, तर खर्च तेवढाच होता आणि घरात मात्र वर्षभर धुसफूस राहिली असती. म्हणून नकाशावर भिंतींच्या पलीकडे काय आहे तेही लिहायचं, हे मी त्या दिवशी शिकलो. एक पथ्य मात्र पाळावं लागलं. साडेचार इंची भिंत आंघोळीच्या पाण्याने ओल धरते आणि देवघराचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून त्या भिंतीत एकही पाइप गाडला नाही, शॉवर आणि नळ दोन्ही बाहेरच्या नऊ इंची भिंतीवर घेतले, आणि या भिंतीला सात फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंग करून मगच टाइल लावली.

खर्चाचं काय? दर दरवर्षी बदलतात, म्हणून मी रुपये सांगत नाही, फूट सांगतो. कमोडचा पाइप बावीस फुटांवरून सहा फुटांवर आला. बेसिन आणि शॉवरच्या सांडपाण्याचे मिळून अडतीस फूट होते, ते चौदा झाले. गरम आणि गार पाण्याच्या पाइपला तीन भिंतींत खाचा पाडायच्या होत्या, साठेक फूट. एकाच भिंतीवर पंचवीस फुटांत भागलं. पण खरी बचत पाइपची नाही. बावीस फूट फरशी फोडणं, मलबा उचलणं, परत काँक्रीट आणि जुन्या रंगाची टाइल शोधत फिरणं, हे वाचलं. शिवाय गीझर बाहेरच्या भिंतीवर शॉवरच्या डोक्याशीच आला. अर्ध्या इंची पाइपमध्ये दर आठ मीटरला जवळजवळ लिटरभर पाणी उभं असतं. आधीच्या नकाशात गरम पाणी यायच्या आधी दरवेळी तेवढं गार पाणी सांडावं लागलं असतं.

हे सगळं जमवूनही दोन ठिकाणी काम बिघडतं, तेवढं सांगतो. पहिलं म्हणजे वास. प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी अडून राहतं आणि तेच चेंबरची हवा घरात येऊ देत नाही. फ्लश ओढल्यावर जाळीतून गुडगुड असा आवाज आला तर समजा, पाइपला हवा मिळत नाहीये आणि तो ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतोय. आज आवाज येतोय, उद्या वास येईल. इलाज म्हणजे हवेचा पाइप, चेंबरजवळून भिंतीलगत गच्चीच्या कठड्याच्या वर नेलेला. जागा वाचवताना प्लंबर नेमका हाच गाळतात, कारण तो नसला तरी पहिल्या दिवशी काही बिघडत नाही. आणि आवाज नसताना फक्त मे महिन्यात, गावाहून परत आल्यावर वास आला, तर घाबरू नका. भोपाळच्या उन्हाळ्यात ट्रॅप सुकतो. एक मगभर पाणी ओता, थांबतो.

दुसरं म्हणजे चेंबरची पातळी. चेंबरचं झाकण बाथरूमच्या फरशीपेक्षा खालीच हवं. आपल्याकडे ते पाच इंच खाली होतं. जुलैत एखाद्या रात्री जोराच्या पावसात मुख्य लाइन भरली, तर पाणी झाकणातून अंगणात येईल, आजींच्या खोलीत येणार नाही. अंगणात दर काही वर्षांनी नवा थर टाकून झाकण उंच करत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पाइप नुसता ठेवू नये, खाली-वर वाळू घालावी, आणि भिंतीतून जाताना भोक थोडं मोठं ठेवून मऊ काहीतरी भरावं. घट्ट सिमेंटने बसवला तर माती हलली की सांध्यातच तुटतो. मातीने झाकण्याआधी पाइपचं टोक बंद करून वरपर्यंत पाणी भरा आणि चहा पिऊन या. पातळी उतरली तर त्याच दिवशी दुरुस्त होतं.

या मांडणीत एक उणीवही राहिली, ती लपवत नाही. कमोड एका भिंतीच्या मध्ये आला की आधाराला बाजूला भिंत राहत नाही. आजींना उठताना दांडी हवी. म्हणून शॉवरच्या बाजूला, मागच्या नऊ इंची भिंतीतच वर दुमडणारी दांडी बसवली. ज्यांना दोन्ही बाजूंनी आधार हवा, त्यांनी कमोड कोपऱ्याजवळ घ्यावा आणि बेसिन दुसऱ्या भिंतीला न्यावं. थोडा पाइप वाढेल, वाढू द्यावा. खिडकीही गेली असं काकूंना वाटत होतं. पण बाथरूमच्या शेजारी साडेचार फूट मागची भिंत उरली, तिथे खिडकी राहिली, आणि बाथरूमलाही बाहेरच्या भिंतीत दोन बाय दोन फुटांचा झरोका मिळाला. संहितेत ०.३७ चौरस मीटर म्हणजे चार चौरस फूट सांगितलंय, तेवढाच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे सगळं स्वातंत्र्य नसतं. तिथे चेंबरची जागा डक्ट घेते, म्हणजे ज्या उभ्या बोळकांडीतून पाइप खाली जातात ती. कमोड डक्टच्या भिंतीला चिकटूनच ठेवा. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं आमिष कुणी दाखवलं, तर फरशी किती उचलणार एवढंच विचारा.

लहानपणी मी भेलच्या ज्या क्वार्टरमध्ये मावशीकडे राहायला जायचो, तिथे संडास, मोरी आणि स्वयंपाकघराचा नळ एकाच मागच्या बाजूला होते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही न्हाणीघर परसाकडेच असे. तेव्हा ते मला गैरसोयीचं वाटे. आता चेंबरमध्ये डोकावून पाहताना कळतं, ओलं सगळं एका बाजूला ठेवण्यात शहाणपण होतं. आपल्याला फक्त ते अंगणातून उचलून भिंतीच्या आत आणायचंय, एक पायरीही न चढवता.

आजींचं बाथरूम होऊन आता सव्वा वर्ष झालं. मागच्या महिन्यात भेटायला गेलो तर त्या स्वतः वॉकर घेऊन आत जाऊन आल्या, दार लोटलेलंच होतं. बाहेर येऊन म्हणाल्या, "चप्पलसुद्धा ओली झाली नाही बघ." आम्हा इंजिनियर लोकांना कामाचा दाखला ठेकेदाराच्या बिलावर लिहून द्यावा लागतो. माझा मला त्या दिवशी मिळाला.

ज्यांच्या घरी असं काम निघालं असेल त्यांनी रविवारी सकाळी बोलवावं, मी येईन. मात्र चहा नंतर, आधी चेंबरचं झाकण.